डॉग म्हणजे फोन: लंडनच्या कॉकनी बोलीचं कुलूप

हेडफोन लावून ऐकत असाल तर आज जरा कान देऊन ऐका, कारण आजच्या भागात मी जे इंग्रजी शब्द बोलणार आहे ते सगळे तुमच्या ओळखीचे आहेत आणि त्यातला जवळपास एकही त्याच्या नेहमीच्या अर्थानं येणार नाही. ज्यांनी हा भाग वाचायला घेतलाय त्यांचं काम सोपं आहे. त्यांना मागे जाऊन परत बघता येईल. मला तेव्हा ती सोय नव्हती.

गोष्ट २०१८ची. मी कराडहून लंडनला एमएससी करायला गेलो होतो. स्टुडंट व्हिसावर आठवड्याला वीस तास काम करता येतं, म्हणून पूर्व लंडनमध्ये, बेथनल ग्रीन भागात, एका हार्डवेअरच्या दुकानात शनिवार आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी काम धरलं. खिळे, स्क्रू, रंगाचे डबे, नळाच्या तोट्या असलं दुकान. मालक सत्तर वर्षांचे. ते मला ‘सन’ म्हणायचे, म्हणजे आपण ‘बाळा’ म्हणतो तसं. मी त्यांना ‘गव’ म्हणायचो. तिकडे मालकाला ‘गव्हनर’ म्हणतात, त्याचं हे छोटं रूप. आज मी त्यांना काका म्हणतो, तेही त्यांच्यामागे.

पहिल्याच दिवशी काका म्हणाले, “निप अप दि ॲपल्स, सन, अँड हॅव अ बुचर्स फॉर मी डॉग.”

मला कळलेले शब्द तीन: सफरचंदं, खाटीक आणि कुत्रा. ‘अप’ म्हणजे वर, एवढं समजलं. म्हणून मी वरच्या मजल्यावर गेलो. तिथे गोदाम होतं. मी कुत्रा शोधला. खोक्यांच्या मागे, टेबलाखाली, शिडीच्या आडोशाला. जीभ टाळूला लावून चक्‌ चक्‌ आवाजसुद्धा काढला. दहा मिनिटांनी खाली येऊन सांगितलं, “वर कुत्रा नाही.” काका काउंटरवर डोकं टेकवून हसत होते. त्यांचा फोन वर टेबलावर राहिला होता. मी तो दोनदा पाहिलाही होता.

या बोलीला म्हणतात कॉकनी ऱ्हायमिंग स्लँग, आपल्या भाषेत यमकी बोली. नाव ऐकून वाटतं सोपी असेल. शब्दाच्या जागी त्याच्याशी यमक जुळणारा शब्द टाकायचा, झालं. मीही तसंच समजून चाललो होतो. डॉगला यमक काय? फॉग, लॉग, फ्रॉग. यातलं काहीच फोनपर्यंत पोचत नाही, आणि नवखा माणूस इथेच अडकतो.

काकांचं ते वाक्य उघडून बघू. फोनला यमक जुळतं ‘बोन’शी, म्हणजे हाडाशी. पण नुसतं ‘बोन’ म्हणत नाहीत, एक जोडी घेतात: ‘डॉग अँड बोन’, कुत्रा आणि हाड. ही झाली पहिली पायरी. आता दुसरी, खरी गंमत. यमक ज्या शब्दात आहे तो ‘बोन’च तोडून टाकायचा. उरला ‘डॉग’. म्हणजे जो शब्द यमक जुळवतो तो बोललाच जात नाही, आणि जो बोलला जातो त्याचं फोनशी यमक नाही की नातं नाही. तुम्ही कितीही कान लावा, ऐकून उत्तर सापडणार नाही, कारण उत्तर गप्प ठेवलेल्या अर्ध्या भागात आहे.

बाकीचंही तसंच. जिने म्हणजे ‘स्टेअर्स’, त्याला यमक ‘पेअर्स’. जोडी ‘ॲपल्स अँड पेअर्स’, त्यातले पेअर्स गेले, उरले ॲपल्स. बघणं म्हणजे ‘लुक’, त्याला यमक ‘हुक’. जोडी ‘बुचर्स हुक’, म्हणजे खाटकाच्या दुकानात मांस टांगायचा आकडा. आकडा गेला, खाटीक उरला. तर वाक्याचा अर्थ इतकाच: जिना चढून जा आणि माझा फोन कुठं आहे बघ.

हे मराठीत करून बघितल्याशिवाय मला स्वतःला नीट पटलं नव्हतं. रात्रीच्या बसमध्ये बसून मी एक बनवलं, तेच तुम्हाला देतो. आपल्याकडे एकमेकांशी न पटणाऱ्यांना काय म्हणतात? विळ्या-भोपळ्याचं सख्य. ‘विळा’ म्हटलं की मराठी कान पुढे ‘भोपळा’ आपोआप लावतो. भोपळ्याला यमक ‘गळा’. आता भोपळा टाकून द्या. राहिला ‘विळा’, अर्थ गळा. आता वाक्य ऐका: “काय गोड विळा आहे हो तुमच्या मुलीचा!” बाहेरचा माणूस दचकेल. विळा कसला गोड? पण ज्याच्या डोक्यात विळ्यामागून भोपळा येतो, त्याला एका क्षणात कळेल की मुलगी गाते छान. कॉकनी माणसाच्या डोक्यात डॉगमागून बोन तसाच येतो. तो काही सोडवत बसत नाही.

म्हणून या बोलीचं कुलूप यमकाच्या किल्लीनं उघडत नाही, जोडीच्या किल्लीनं उघडतं. अमुक शब्दाबरोबर तमुक शब्द येतो हे ज्याच्या अंगवळणी पडलंय तोच आतला. आपल्यासारख्या बाहेरून आलेल्याला आधी जोडी माहीत करून घ्यावी लागते, आणि काही जोड्या तर अशा आहेत की त्या आज कोणी बघितलेल्याही नाहीत. केसांना ‘बार्नेट’ म्हणतात. का? उत्तर लंडनच्या बार्नेट गावात मोठा घोड्यांचा आणि गुरांचा बाजार भरायचा, ‘बार्नेट फेअर’. फेअर आणि हेअर. एकटं असण्याला ‘ऑन युअर टॉड’ म्हणतात. टॉड स्लोन हा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये येऊन गाजलेला अमेरिकन जॉकी. स्लोनचं यमक ‘ओन’शी, म्हणजे ‘ऑन युअर ओन’, एकट्यानं. शर्यती संपल्या, जॉकी विसरला गेला, आणि त्याचं अर्धं नाव भाषेत एकटंच राहिलं. हे लक्षात आल्यावर मला उगीचच वाईट वाटलं होतं.

मग नवख्यानं करायचं काय? मला कामाला आली ती युक्ती अशी. पहिल्यांदा यमकाचा विचारच करायचा नाही. वाक्यात कोणता शब्द बसत नाहीये ते बघायचं आणि त्याच्या जागी डॅश मारायचा. “हॅव अ डॅश ॲट धिस.” ‘हॅव अ’ आणि ‘ॲट धिस’ यांच्यामध्ये इंग्रजीत काय येतं? लुक. मग खाटकाचं काय ते नंतर बघू. कारण ही बोली फक्त शब्द बदलते, वाक्याचा सांगाडा बदलत नाही. नामाच्या जागी नाम, क्रियापदाच्या जागी क्रियापद. सांगाडा धरला की अर्धी लढाई जिंकली.

गंमत म्हणजे याच जागी काका कधीकधी दुसरा एक शब्द वापरायचे: “हॅव अ डेको.” हा शब्द मी ऐकला आणि ताठ झालो, कारण हा माझ्या घरचा होता. डेको म्हणजे आपलं हिंदी ‘देखो’. हिंदुस्थानात राहिलेल्या ब्रिटिश सैनिकांनी तो तिकडे नेला. यात यमकबिमक काही नाही. काकांना मी सांगितलं की हा शब्द आमचा आहे, तर म्हणाले, माझ्या वडिलांचा आहे. मी वाद घातला नाही.

तर सांगाड्याची युक्ती. ती एकदा मी विसरलो आणि तोंडघशी पडलो. काका एका संध्याकाळी वैतागून म्हणाले, “समबडीज हाफ-इंच्ड मी टेप.” आता हार्डवेअरच्या दुकानात ‘हाफ इंच’ म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? मी अर्ध्या इंचाच्या स्क्रूचा डबा नेऊन पुढे ठेवला. पण वाक्य बघा. ‘समबडीज’ म्हणजे ‘समबडी हॅज’. कोणीतरी माझ्या टेपचं काहीतरी केलंय. म्हणजे ‘हाफ-इंच्ड’ हे इथे क्रियापद आहे. ‘इंच’ला यमक ‘पिंच’, आणि पिंच करणं म्हणजे इंग्रजी बोलीत ढापणं. कोणीतरी त्यांचा मोजपट्टीचा टेप ढापला होता. इथे अजून एक गोष्ट दिसते. या शब्दाची शेपटी तोडलेली नाही, अख्खा बोलला जातो. कुठला तोडायचा आणि कुठला अख्खा ठेवायचा याला नियम नाही. रूढी आहे. ‘बुचर्स’ तोडतात, ‘हाफ-इंच’ तोडत नाहीत. विचारलं तर म्हणतात, असंच म्हणतात. आपणही मराठीबद्दल परक्याला हेच सांगतो.

काही ठिकाणी मात्र कुलूप दुहेरी असतं. धीर सुटण्याला इंग्रजीत ‘लॉस्ट हिज बॉटल’ म्हणतात, आणि ही बाटली यमकातून आली असं सांगतात: ‘बॉटल अँड ग्लास’, यमक ‘आर्स’शी, म्हणजे पार्श्वभागाशी. पण कोणाला तेवढ्यावर समाधान नव्हतं. बॉटलला परत यमक लावलं, ‘ॲरिस्टॉटल’. मग त्याचीही शेपटी तोडली, उरलं ‘ॲरिस’. म्हणजे पुढे कोणी म्हणालं की अमका ॲरिसवर आपटला, तर मधे एक ग्रीक तत्त्ववेत्ता आणि एक बाटली उभी आहे असं समजा. याच अवयवाला अजून एक शब्द आहे, ‘खायबर’. हो, आपली खैबरखिंडच. ‘खायबर पास’ आणि आर्स.

पण हे यमक तुम्ही भारतीय उच्चारात म्हणून बघा. ‘पास’ आणि ‘आर्स’. जुळत नाही, मधला ‘र’ आडवा येतो. लंडनच्या बोलीत तो ‘र’ उच्चारतच नाहीत, ‘आस’ म्हणतात, म्हणून ‘पास’शी चपखल बसतो. हेअरचा ‘ह’ही गिळतात, ‘एअर’ म्हणतात. सगळ्यात मस्त उदाहरण पियानोचं. पियानोला ‘जोॲना’ म्हणतात. आपल्या उच्चारात कुठून यमक येणार? पण ते पियानोला ‘पिॲना’ म्हणतात. पिॲना, जोॲना. म्हणजे यमकही कागदावर नाही, त्यांच्या तोंडात आहे. शब्दकोशातला उच्चार घेऊन बसलात तर काही यमकं कधीच जुळणार नाहीत. एखादं जुळत नसेल तर ते चुकीचं आहे असं समजू नका, आधी त्यांच्यासारखं बोलून बघा.

आता हे सगळं आलं कुठून? लोकप्रिय कथा अशी की चोरांनी पोलिसांना कळू नये म्हणून ही बोली काढली. मला ती कथा फारशी पटत नाही. जॉन कॅम्डन हॉटन नावाच्या लंडनच्या प्रकाशकानं १८५९ मध्ये रस्त्यावरच्या बोलीचा एक कोश छापला, त्यात यमकी बोलीची वेगळी यादी आहे. ही बोली बारा-पंधरा वर्षांपूर्वी सुरू झाली असं तो म्हणतो, म्हणजे १८४०च्या दशकात. आणि तो ती चोरांची नाही, रस्त्यावर गाणी आणि बातम्यांचे कागद ओरडून विकणाऱ्यांची म्हणतो. जे गुपित पंधरा वर्षांत छापून विकायला आलं, त्यानं पोलिसांना किती दिवस फसवलं असेल? माझा अंदाज, ज्यांची भाकरीच तोंडावर आणि यमकावर चालायची, त्यांनी शब्दांशी खेळ केला. गिऱ्हाइकासमोर आपसात बोलायची सोय झाली ती वरकड कमाई.

आणि कॉकनी म्हणजे कोण? परंपरेनं उत्तर असं: सेंट मेरी-ल-बो या चर्चच्या घंटा ऐकू येतील एवढ्या अंतरात जन्मलेला तो कॉकनी. हे चर्च चीपसाइड या रस्त्यावर आहे. पूर्व लंडनमध्ये ‘बो’ नावाचा भाग आहे, तिथलं हे नव्हे. तिथे मी एका रविवारी जाऊन फसलो होतो. आता गंमत बघा. मे १९४१ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात हे चर्च उद्ध्वस्त झालं, घंटा कोसळल्या. नव्या घंटा वाजल्या त्या १९६१ मध्ये. काकांचा जन्म १९४८चा. म्हणजे नियमानं बघितलं तर काका कॉकनी नाहीतच! हे मी त्यांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी मला त्या दिवशी चार पेट्या रंगाचे डबे वर चढवायला लावले. ॲपल्सवरून.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या पहिल्या दिवसाचं वाक्य काकांनी मुद्दाम बनवलं होतं, नव्या पोराची फिरकी घ्यायला. एका वाक्यात असे तीन-तीन शब्द फक्त सिनेमात आणि पर्यटकांसाठीच्या चहाच्या मगांवर असतात. खरा माणूस एखादा शब्द टाकतो आणि पुढे जातो. ‘ॲपल्स’ तर आता जवळजवळ थट्टेपुरताच. २००९ मध्ये पूर्व लंडनमधल्या काही एटीएमवर कॉकनी भाषेचा पर्याय ठेवला होता. मशीन पिनसाठी ‘हकलबेरी फिन’ मागायचं आणि कॅशला ‘सॉसेज अँड मॅश’ म्हणायचं. तीही गंमतच. माझ्या वयाची पूर्व लंडनची पोरं वेगळंच बोलायची. त्यांच्या बोलण्यात जमैकाचे शब्द होते, बंगाली शब्द होते, आणि काकांची बोली ती आजोबांची म्हणायची. महायुद्धानंतर काकांच्या पिढीतले बरेच लोक एसेक्सकडे राहायला गेले, त्यांच्याबरोबर ही बोलीही गेली.

पण काही शब्द मात्र अख्ख्या इंग्लंडच्या भाषेत मुरलेत, इतके की वापरणाऱ्यालाही पत्ता नसतो. माझ्या विद्यापीठातल्या एक मॅडम, लंडनच्याही नव्हेत, मला एकदा म्हणाल्या, “यूज युअर लोफ.” डोकं वापर. ‘लोफ ऑफ ब्रेड’, यमक ‘हेड’. कोणी थापा मारतो तेव्हा ‘पोर्कीज’ सांगतो, कारण ‘पोर्क पाइज’ आणि ‘लाइज’. ओठ फुर्र करून जो असभ्य आवाज काढतात त्याला ‘रॅस्पबेरी’ म्हणतात. ती ‘रॅस्पबेरी टार्ट’ आहे, आणि टार्टला यमक असलेला शब्द तुम्हीच शोधा. ‘बर्क’ म्हणजे मूर्ख, हा शब्द तर सभ्य घरात, टीव्हीवर सर्रास चालतो. त्याच्या गप्प ठेवलेल्या अर्ध्यात जी शिवी आहे ती मी इथे फोडून सांगणार नाही. नवख्यानं हा शब्द टाळलेलाच बरा.

आणि ‘रुबी’. हा शब्द आपल्या जिभेशी संबंधित. रुबी मरी ही बेलफास्टची गायिका. १९५५ मध्ये एकाच आठवड्यात तिची पाच गाणी ब्रिटनच्या टॉप ट्वेंटीत होती. ‘मरी’चं यमक ‘करी’शी जुळलं, आणि आज गाणी न ऐकलेली माणसंही शुक्रवारी संध्याकाळी ‘रुबी’ खायला जातात. काका मला पहिल्या पगाराच्या दिवशी ब्रिक लेनवर रुबी खायला घेऊन गेले. तिथली बहुतेक हॉटेलं सिल्हेटकडच्या बांगलादेशी लोकांची. आपल्या घरच्या आमटीशी तिचा काही संबंध नव्हता, पण काकांनी घाम पुसत विचारलं की कशी आहे, तेव्हा मी म्हटलं, घरच्यासारखी. पहिली पोर्की.

आता तो प्रसंग, ज्याच्यासाठी खरं तर हा भाग केला.

मी रुळलो होतो. पाच-सहा महिने झाले होते. मी वहीच केली होती, पन्नासेक शब्दांची. मित्राला ‘चायना’ म्हणतात हे मला माहीत होतं. ‘चायना प्लेट’, म्हणजे चिनी मातीची बशी, यमक ‘मेट’. पैशाला ‘ब्रेड’ म्हणतात, ‘ब्रेड अँड हनी’, यमक ‘मनी’, हेही वहीत होतं. एका मंगळवारी संध्याकाळी मी दुकानात शिरलो, तर काका काउंटरवर नुसते बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “मी ओल्ड चायनाज ब्राउन ब्रेड, सन.”

मी मनात झरझर सोडवलं. चायना म्हणजे मित्र. ब्रेड म्हणजे पैसा. जुन्या मित्राचा पैसा. बहुतेक मित्राकडचा पैसा परत आला, किंवा मित्राला पैसा मिळाला. मी हसून म्हणालो, “ओ, लकी मॅन!”

काका माझ्याकडे बघत राहिले. मग अगदी साध्या, शाळेतल्या इंग्रजीत म्हणाले, “ही डाइड, सन. सॅटरडे.”

‘ब्राउन ब्रेड’, यमक ‘डेड’.

मी कुठं चुकलो ते त्या रात्री वहीत लिहून काढलं. ब्रेडवरून तीन वेगळे शब्द निघतात. ‘लोफ’ म्हणजे डोकं, कारण तिथे मागे ‘ऑफ ब्रेड’ लपलाय. नुसता ‘ब्रेड’ म्हणजे पैसा, कारण मागे ‘हनी’ लपलाय. आणि ‘ब्राउन ब्रेड’ म्हणजे मेलेला, आणि यात मागे काहीच लपलेलं नाही, कारण हा शब्द अख्खा बोलतात, यमक उघडं असतं. मी अर्ध्या शब्दांच्या इतका मागे लागलो होतो की अख्खा शब्द समोर आला तो मला दिसला नाही. ‘ब्राउन’ मी सोडूनच दिला. खरं तर ज्या बोलीत शब्द तोडतात, तिथे एखादा विशेषणासकट अख्खा ठेवला असेल तर ते विशेषण उगीच नसतं.

आणि सांगाडा बघायचा तोही विसरलो. ‘चायनाज’ मधला शेवटचा ‘ज’ मी ‘मित्राचा’ असा ऐकला. तो ‘इज’ होता. मित्र अमुक आहे. आता तिथे डॅश मारा: “माझा मित्र डॅश आहे.” पैसा बसतो का? नाही बसत. हातातली युक्ती होती, पण वहीवर भरवसा ठेवला. पाठ केलेला एक शब्द ओळखीचा दिसला की डोकं पुढचं बघायचं थांबतं.

अजून एक गोष्ट कोणत्याच यादीत मिळणार नव्हती. ‘ब्राउन ब्रेड’ हा हसतखेळत वापरायचा शब्द आहे. गाडी बंद पडली, फोन खराब झाला, संघ हरला, की ब्राउन ब्रेड. मेलेल्या माणसाबद्दल तो कोण बोलू शकतं? मी नक्कीच नाही. मी कुणाच्या दारात जाऊन असं म्हणालो तर मला हाकलतील. पण ते दोघं शाळेपासूनचे मित्र. पुढे काकांनीच सांगितलं, दोघं शाळेच्या मैदानात असे शब्द बनवायचे, ज्याचा दुसऱ्याला कळला नाही तो जिंकला. कधी काळी त्या मित्राला विचारलं असतं की तुझ्या बातमीला कोणता शब्द वापरू, तर त्यानंही हाच सांगितला असता, असं काका म्हणाले. म्हणजे त्या वाक्यात विनोद नव्हता आणि उद्धटपणाही नव्हता. नेहमी ज्याच्याशी त्या भाषेत बोलायचं तो नव्हता, म्हणून माझ्याशी बोलले. आणि मी म्हणालो, लकी मॅन.

मी माफी मागितली. ते म्हणाले, असू दे, त्याला हे आवडलं असतं. आणि मग खरंच हसले थोडं, आणि नाक पुसलं.

त्या आठवड्यात एक दिवस दुकान बंद राहणार होतं. आदल्या संध्याकाळी काका म्हणाले, “गॉट टू पिक अप मी व्हिसल.” मी काही विचारलं नाही. ‘व्हिसल अँड फ्लूट’, शिट्टी आणि बासरी, यमक ‘सूट’. लाँड्रीतून काळा सूट आणायचा होता. बाहेर पाऊस होता, म्हणून पावती घेऊन मीच गेलो.

अंत्यविधीच्या सकाळी शटर लावायला मला बोलावलं होतं. काका सूट घालून जिना उतरले, टोपी हातात. माझ्यासमोर उभे राहून डोक्यावरून हात फिरवला, जे काही शिल्लक होतं त्यावरून, आणि विचारलं, “हाउज मी बार्नेट?”

मी म्हणालो, “गुड, गव.”

मग त्यांनी किल्ल्या माझ्याकडे दिल्या आणि गेले.